ग्राफाइटचे निम्मेच अणू का दिसतात: मुंबईत एसटीएमवर काम करण्याचा अनुभव

एम.एस्सी.चा माझा प्रकल्प मार्चअखेर जमा झाला. ग्राफाइटचा पृष्ठभाग स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोपखाली, म्हणजे एसटीएमखाली बघायचा आणि पडद्यावर दिसतं ते नेमकं कशाचं चित्र आहे हे तपासायचं, एवढाच विषय होता. आमच्या कॉलेजात हे उपकरण नाही. त्यामुळे बाहेरच्या संस्थेत वेळ मागण्यापासून सगळं आलं. पुढच्या वर्षी कुणी हाच रस्ता धरणार असेल, तर कुठे थांबावं लागतं, पैसे किती लागतात आणि पहिलं चित्र आल्यावर त्यावर कितपत भरवसा ठेवायचा, हे क्रमाने सांगते.

अर्ज जुलैच्या पहिल्या आठवड्यात केला. मुंबईतल्या काही संशोधन संस्था आणि विद्यापीठं बाहेरच्या विद्यार्थ्यांना उपकरणं वापरू देतात. अर्जासोबत विभागप्रमुखांचं लेटरहेडवरचं पत्र, गाइड मॅडमची सही, विभागाचा शिक्का, कॉलेजचं ओळखपत्र आणि गेटपाससाठी आधारची प्रत लागली. पत्रावर शिक्का आहे पण तारीख नाही, एवढ्यावरून अर्ज परत येऊ शकतो. पाठवण्याआधी बघून घ्या.

फॉर्ममध्ये नमुन्याविषयी एक मोठा रकाना असतो. विषारी आहे का, चुंबकीय आहे का, हवेत टिकतो का, वगैरे. त्यातला पहिला प्रश्न, ‘नमुना वीज वाहतो का?’, नीट वाचा, कारण या उपकरणाचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे. एसटीएमची टिप पृष्ठभागाला न टेकता साधारण अर्ध्या ते एक नॅनोमीटरवर थांबते आणि मधल्या फटीतून इलेक्ट्रॉन टनेलिंगने पलीकडे जातात. तो प्रवाह मोजून यंत्र टिपची उंची ठरवतं. नमुना वाहक नसेल तर प्रवाह मिळणारच नाही, मग यंत्र टिप आणखी खाली ढकलत राहील आणि शेवटी ती नमुन्यात घुसेल.

विद्यार्थ्यांसाठी दर तासाला ४०० रुपये होता, एक सत्र चार तासांचं, वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे सत्राचे १,८८८ रुपये. टिपची तार आणि ग्राफाइटचा तुकडा त्यांचाच. पैसे कॉलेजच्या खात्यातून भरायचे तर मंजुरीला वेळ गेला असता, म्हणून मी स्वतः एनईएफटी केलं आणि यूटीआर क्रमांक त्यांच्या पोर्टलवर टाकला. पैसे परत मिळवायचे असतील तर फॉर्म भरतानाच बिलासाठी कॉलेजचं नाव आणि जीएसटी क्रमांक द्या. बिल विद्यार्थ्याच्या नावावर निघालं की अकाउंट्स विभाग ते स्वीकारत नाही, आणि नंतर बदलून मिळणं फार जड जातं.

उत्तर ऑगस्टच्या शेवटी आलं. तारीख गणपतीनंतरची होती. फोनवर कळलं की विसर्जनाच्या दिवसांचे स्लॉट ते देतच नाहीत. रस्त्यावर ढोल-ताशे असले की इमारतीची जमीन हलते, आणि इथे एक पिकोमीटरही मोजावा लागतो. हे मला आधी अतिशयोक्ती वाटलं. मग वाट बघण्याच्या त्या दिवसांत मॅडमनी मला बसवून हिशोब करायला लावला, आणि तो कागद शेवटपर्यंत माझ्या वहीत राहिला.

हिशोब असा. टनेलिंगचा प्रवाह अंतराप्रमाणे असा कमी होतो:

```
I ∝ V · exp(−2κd)
κ = √(2mφ)/ħ ≈ 5.12 · √φ   (φ eV मध्ये, κ nm⁻¹ मध्ये)
```

इथे `I` म्हणजे प्रवाह, `V` म्हणजे टिप आणि नमुना यांच्यात दिलेला व्होल्टेज, ज्याला बायस म्हणतात, `d` म्हणजे त्यांच्यातलं अंतर आणि `φ` म्हणजे इलेक्ट्रॉनला ओलांडावा लागणारा ऊर्जेचा अडथळा. ग्राफाइटसाठी तो सुमारे ४.५ इलेक्ट्रॉनव्होल्ट धरला तर `2κ` साधारण २१.७ येतो, दर नॅनोमीटरला. म्हणजे टिप ०.१ नॅनोमीटर मागे घेतली की प्रवाह जवळजवळ नऊ पटींनी कमी होतो. उलट बाजूने बघितलं तर फट फक्त एक पिकोमीटरने बदलली की प्रवाह दोन टक्क्यांनी बदलतो. ढोलाचं कारण या दोन टक्क्यांत आहे.

याच आकड्यातून मला छळणारा आणखी एक प्रश्न सुटला. टिप म्हणजे हाताने कापलेली तार. तिचं टोक कितीही बारीक असलं तरी त्यावर हजारो अणू असणार. मग एकेक अणू वेगळा दिसतो कसा? समजा टोकावरचा एक अणू शेजाऱ्यांपेक्षा ०.२५ नॅनोमीटर पुढे आहे. २१.७ गुणिले ०.२५ म्हणजे ५.४, आणि `exp(5.4)` म्हणजे दोनशेच्या वर. पुढच्या अणूतून दोनशे भाग प्रवाह जातो तेव्हा मागच्या एखाद्या अणूतून एक भाग जातो. टिप अणुएवढी टोकदार नसते; तिच्यावरचा सर्वांत पुढे आलेला एक अणू जवळजवळ सगळं काम करतो, आणि हे घडतं ते घातांकी घट इतकी तीव्र असल्यामुळे. गेर्ड बिनिग आणि हाइनरिश रोरर यांनी झुरिकजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत १९८१ मध्ये हे यंत्र चालवून दाखवलं आणि १९८६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. हा साधा गुणाकार केल्यावर मला पहिल्यांदा पटलं की हे शक्य आहे.

सप्टेंबरात सत्राच्या दिवशी गेटवर लॅपटॉपचा सीरियल नंबर लिहून द्यावा लागला. तो आधीच कागदावर उतरवून न्या, रांगेत वेळ वाचतो. पेनड्राइव्ह आत नेऊ देत नाहीत. डेटा तिथूनच ईमेल होतो.

यंत्र बघून पहिल्यांदा कुणालाही वाटेल की बाकीचं कुठे आहे. मोजणारा भाग मुठीएवढा. तो एका जड दगडी लादीवर, लादी रबराच्या पायांवर, वर पारदर्शक झाकण. खोली तळमजल्यावर, एसी आणि हवेतली ओल कमी करणारं यंत्र दोन्ही चालू. तिथले तांत्रिक अधिकारी सर अनेक वर्षं हेच करत आलेत. त्यांनी आधी विचारलं, “बाळ, तुला नक्की काय बघायचंय?” मी म्हटलं, “ग्राफाइटचे अणू.” त्यावर ते म्हणाले, “अणू दिसतील की नाही ते मागाहून ठरवू. आधी आकृती येऊ दे.” त्यांच्या या वाक्याचा अर्थ संध्याकाळपर्यंत कळत गेला.

टिप बनवायला प्लॅटिनम-इरिडियमची पाव मिलिमीटर जाडीची तार असते. ती पक्कडीने धरायची, कटर तिरका लावायचा आणि कापता कापता ओढायची, म्हणजे शेवटचा धागा कापला न जाता तुटतो आणि टोक अणकुचीदार राहतं. कटर आणि पक्कड आधी अल्कोहोलने पुसायची. तुटलेल्या टोकाला कशाचाही स्पर्श होता कामा नये, बोटाचा तर नाहीच. टोक चांगलं आहे की नाही हे भिंगातून कळत नाही. कळतं ते चित्रावरून, म्हणून एका सत्रात टिप अनेकदा बदलावी लागते हे धरूनच चला.

नमुना म्हणजे एचओपीजी, थर अगदी सरळ रचलेलं कृत्रिम ग्राफाइट. त्यावर चिकटपट्टी हलकेच दाबून उचलली की वरचे थर निघून येतात आणि खाली ताजा, आरशासारखा पृष्ठभाग उरतो. कार्बनच्या थरांमधलं अंतर ०.३३५ नॅनोमीटर असतं आणि थरांची एकमेकांवरची पकड सैल असते, म्हणून हे इतकं सहज होतं. एखादी पापुद्र्यासारखी कड उचललेली राहिली तर चिमट्याने काढून टाका, नाहीतर तीच टिपला चिकटते.

मग टिप जवळ आणायची. भिंगातून बघत टिप आणि तिचं नमुन्यातलं प्रतिबिंब यांतली फट अगदी बारीक होईपर्यंत खाली न्यायची, आणि पुढचं अंतर यंत्रावर सोडायचं. आम्ही बायस ५० मिलिव्होल्ट आणि प्रवाह १ नॅनोअँपिअर ठरवला होता. तेवढा प्रवाह मिळाला की मोटर थांबते आणि पिएझो, म्हणजे व्होल्टेज दिल्यावर किंचित लांब-आखूड होणारा स्फटिक, टिप सांभाळू लागतो.

इथे नवख्या माणसाला एक गोष्ट कुणी सांगत नाही: पहिला अर्धा-पाऊण तास चित्रं वाकडी येणारच. हाताची ऊब लागलेली असते, झाकण नुकतंच ठेवलेलं असतं, सगळे भाग हळूहळू प्रसरण किंवा आकुंचन पावत असतात. वरून खाली घेतलेलं आणि खालून वर घेतलेलं चित्र शेजारी ठेवा. असं सरकणं, म्हणजे ड्रिफ्ट, असेल तर दोन्ही विरुद्ध बाजूंना तिरकी झालेली असतात. आम्ही त्या वेळात मोठं, काहीशे नॅनोमीटरचं चित्र घेत बसलो. त्यात पायऱ्या दिसल्या. एका पायरीची उंची ०.३३५ च्या जवळ आली, म्हणजे उभ्या दिशेचं मोजमाप बरोबर आहे याची खात्री तिथेच झाली. मग पायऱ्यांपासून लांब, सपाट जागी सरकून चित्र ३ नॅनोमीटरवर आणलं.

आणि ठिपके आले. तिरक्या ओळींत, एकसारखे.

मला आनंद झाला, पण सरांनी लगेच विचारलं, “एक ओळ काढायला किती वेळ लागतोय?” ०.१ सेकंद. “मग हिशोब कर. तुझा विजेचा सप्लाय ५० हर्ट्झचा आहे.” ३ नॅनोमीटर ०.१ सेकंदात म्हणजे टिपचा वेग सेकंदाला ३० नॅनोमीटर. विजेच्या तारांतून शिरलेला ५० हर्ट्झचा गोंगाट असेल तर त्याच्या लाटा चित्रात ०.६ नॅनोमीटर अंतरावर दिसतील. ग्राफाइटमध्ये अपेक्षित अंतर ०.२४६, म्हणजे साधारण १२० हर्ट्झ. आमचे ठिपके ०.२५ च्या आसपास होते. तरी सरांनी तीन गोष्टी करायला लावल्या, आणि मी त्या प्रत्येक नव्या जागी करत गेले. वेग निम्मा केला: गोंगाटाच्या लाटा असत्या तर नॅनोमीटरमधलं अंतर बदललं असतं, ते तसंच राहिलं. चित्राचा आकार बदलला: ठिपके त्याच प्रमाणात मोठे झाले. स्कॅनची दिशा ३० अंशांनी फिरवली: जाळी चित्रात फिरली. गोंगाट स्कॅनच्या दिशेलाच चिकटून राहतो, नमुना तसं करत नाही.

आता खरा प्रश्न. पाठ्यपुस्तकातलं ग्राफाइट म्हणजे षटकोनांची जाळी, शेजारच्या दोन अणूंत ०.१४२ नॅनोमीटर. आमच्या चित्रात षटकोन नव्हते. ठिपक्यांची त्रिकोणी जाळी होती, प्रत्येकाला सहा शेजारी, अंतर ०.२४६. मोजलं तर ठिपके अणूंच्या निम्मेच भरतात.

ग्राफाइटचे थर एकावर एक सरळ नसतात, थोडे सरकलेले असतात. त्यामुळे वरच्या थरात दोन प्रकारचे अणू होतात. काहींच्या बरोबर खाली, ०.३३५ नॅनोमीटरवर, दुसऱ्या थरातला अणू असतो; त्यांना अल्फा म्हणतात. उरलेल्या निम्म्यांच्या खाली षटकोनाची पोकळी असते, ते बीटा. दोघेही कार्बनच, उंचीही सारखीच. पण अल्फा अणूचा इलेक्ट्रॉन खालच्या अणूशी जोडला जातो आणि त्या जोडणीमुळे त्याच्या ऊर्जा-अवस्था फर्मी ऊर्जेपासून, म्हणजे इलेक्ट्रॉन जिथवर भरलेले असतात त्या पातळीपासून, वर आणि खाली ढकलल्या जातात. बीटाला खाली जोडीदार नाही, म्हणून त्याच्या अवस्था फर्मी ऊर्जेजवळच राहतात.

५० मिलिव्होल्ट बायस म्हणजे यंत्र फर्मी ऊर्जेपासून ०.०५ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या पट्ट्यातल्या अवस्थांतूनच प्रवाह घेतं. त्या पट्ट्यात बीटाकडे भरपूर आहे आणि अल्फाकडे फार थोडं. प्रवाह तेवढाच ठेवायचा म्हणून बीटावर टिप वर उचलली जाते, अल्फावर खाली येते. जेरी टर्सॉफ आणि डॉनल्ड हॅमन यांनी १९८३ मध्ये हेच सूत्ररूपात मांडलं: बायस लहान असेल तर प्रवाह हा टिपच्या जागी फर्मी ऊर्जेवर नमुन्याची स्थानिक अवस्था-घनता किती आहे याच्या प्रमाणात असतो. म्हणजे पडद्यावरची उंची ही त्या घनतेच्या समोच्च रेषेची उंची. अणूंचे गोळे कुठे आहेत हे त्या चित्रात थेट लिहिलेलं नसतं. सरांचं ‘आधी आकृती येऊ दे’ हे बोलणं मला इथे नीट उमगलं.

आमच्या चित्रात अल्फा पूर्ण गायब नव्हते, आणि ते शोधण्याची एक सोपी रीत आहे. ठिपक्यांच्या ओळीवरून उभा छेद काढू नका, तिथे ०.२४६ वर टेकडीमागून टेकडी, एवढंच मिळतं. त्या ओळीला काटकोनात छेद घ्या. त्या रेषेवर आधी बीटा येतो, ०.१४२ वर अल्फा, ०.२८४ वर षटकोनाची पोकळी आणि ०.४२६ वर पुन्हा बीटा. आमच्या चांगल्या चित्रांत बीटाची टेकडी उतरताना ०.१४ च्या आसपास एक खांदा दिसत होता, मग खोल दरी. खांदा एकाच बाजूला. तो खांदा म्हणजे अल्फा.

याच टप्प्यावर फूरिए चित्रामुळे पुष्कळ जण गोंधळतात. Gwyddion या चित्रं तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये फूरिए रूपांतर केलं की पहिले सहा बिंदू ०.२१३ नॅनोमीटरचं अंतर दाखवतात आणि ०.२४६ कुठेच दिसत नाही. यंत्राचं मोजमाप बिघडलेलं नसतं. ते बिंदू ओळींमधलं लंब अंतर सांगतात, ०.२४६ गुणिले `√3/2`, म्हणजेच ०.२१३. आणि षटकोनी जाळी असो वा त्रिकोणी, या बिंदूंच्या जागा त्याच राहतात. म्हणून अल्फा-बीटाचा निकाल त्या बिंदूंच्या जागांवरून लागत नाही, छेदावरूनच लागतो.

सत्राच्या शेवटच्या तासात घातांकी घट प्रत्यक्ष मोजली. पद्धत अशी: प्रवाह बघून टिपची उंची सांभाळणारा फीडबॅक काही मिलिसेकंद बंद करायचा, टिप ठरावीक अंतर मागे घ्यायची, प्रवाह नोंदवायचा, टिप परत आणायची. मग प्रवाहाचा लॉगरिदम अंतराविरुद्ध काढायचा. रेषा सरळ आली. घट घातांकी होती यात शंका नव्हती. पण ढाळ? ०.१ नॅनोमीटर मागे गेल्यावर प्रवाह नवव्या भागावर यायला हवा होता, तो फक्त एकतृतीयांशावर आला. ढाळावरून अडथळा काढायचं सूत्र असं आहे:

```
φ (eV) ≈ 0.952 · (d ln I / dz)²     (z Å मध्ये)
```

एक आंग्स्ट्रॉम म्हणजे ०.१ नॅनोमीटर. `ln 3` म्हणजे १.१, वर्ग १.२, अडथळा निघाला जेमतेम १.१५ इलेक्ट्रॉनव्होल्ट. अपेक्षित ४.५ चा चौथा भाग.

मला वाटलं पिएझोचं मोजमाप चुकलंय. पण सकाळीच पायरी ०.३३५ ची मिळाली होती, तेव्हा तो संशय तिथेच संपत होता. दोष अंतराच्या दुसऱ्या टोकाला होता. हवेत ठेवलेल्या पृष्ठभागावर आणि टिपवर पाण्याचा आणि सेंद्रिय रेणूंचा पातळ थर बसतो, मुंबईच्या सप्टेंबरात तर बसणारच. टिप या थरातून ग्राफाइटला दाबत असते. टिप मागे घेतली की दाब कमी होतो आणि मऊ ग्राफाइट थोडं वर येतं. पिएझो ०.१ सरकला तरी फट तेवढी उघडत नाही. समजा ती निम्मीच उघडली: ढाळ निम्मा होईल, आणि अडथळा ढाळाच्या वर्गाप्रमाणे असल्यामुळे चौथाई. आमचा आकडा नेमका तिथे बसत होता. याचं दुसरं लक्षणही चित्रांत होतं: काही जागी ठिपक्यांचा उंचसखलपणा नुसत्या अवस्था-घनतेने समजावता येणार नाही इतका मोठा येत होता. दाबली जाणारी जमीन फरक फुगवून दाखवते. म्हणून हवेतल्या ग्राफाइटच्या चित्रात ठिपक्यांमधल्या आडव्या अंतरावर भरवसा ठेवा, त्यांच्या उंचीच्या आकड्यावर ठेवू नका.

दुसऱ्या सत्राचा अर्ज लगेच टाकला. तारीख जानेवारीची मिळाली, पुन्हा १,८८८ रुपये. यावेळी बायस बदलून बघायचं होतं. अल्फा दिसत नाहीत ते त्यांच्या अवस्था फर्मी ऊर्जेपासून दूर गेल्यामुळे, हे खरं असेल तर बायस वाढवून ऊर्जेचा पट्टा रुंद केल्यावर अल्फाही प्रवाहात भाग घेऊ लागले पाहिजेत आणि दोघांतला फरक कमी झाला पाहिजे. १९८७ मध्ये गणितातून आणि प्रयोगातून हेच दाखवलं गेलं होतं. शिवाय बायसचं चिन्ह उलटं केल्याने फारसा फरक पडत नाही, हेही.

यात एक खाच आहे. प्रवाह १ नॅनोअँपिअरच ठेवून बायस ५० वरून ५०० मिलिव्होल्ट केला की टिप आपोआप मागे सरकते. दहापट प्रवाह कमी करायला `ln 10` भागिले २१.७, म्हणजे सुमारे ०.१ नॅनोमीटर. दूर गेलेल्या टिपला सगळंच सपाट दिसतं. त्यामुळे नुसता उंचसखलपणा कमी झाला यावरून काहीच सिद्ध होत नाही. मॅडमनी सुचवलं की दरीपासून मोजलेली खांद्याची उंची भागिले टेकडीची उंची, हे गुणोत्तर बघ. दोन्ही बायसवर त्याच टिपने, त्याच जागी, एकाआड एक चित्रं घेतली, म्हणजे मधे टिप बदलली असती तर लगेच कळलं असतं. ५० मिलिव्होल्टवर खांदा टेकडीच्या साधारण एकतृतीयांश होता, ५०० वर निम्म्याच्या पुढे गेला. परत ५० वर आलो तर खांदा परत खाली. चिन्ह उलटं करूनही चित्र जवळपास तेच राहिलं.

चिन्हाने फरक पडत नाही हा ग्राफाइटचा गुण आहे, यंत्राचा नव्हे. नमुना धन असेल तर इलेक्ट्रॉन टिपमधून नमुन्याच्या रिकाम्या अवस्थांत जातात, ऋण असेल तर नमुन्याच्या भरलेल्या अवस्थांतून बाहेर पडतात. गॅलियम आर्सेनाइडच्या एका पृष्ठभागावर एका चिन्हाला आर्सेनिकचे अणू उजळतात आणि दुसऱ्याला गॅलियमचे, कारण भरलेल्या अवस्था आर्सेनिकपाशी आणि रिकाम्या गॅलियमपाशी एकवटलेल्या असतात. ग्राफाइटमध्ये बीटाच्या अवस्था फर्मी ऊर्जेच्या दोन्ही बाजूंना आहेत.

टिपबद्दलही सांगायला हवं. टोकावर दोन अणू सारखेच पुढे असतील तर दोन चित्रं एकमेकांवर पडतात, आणि त्यातून खोटा खांदा सहज तयार होतो. याची परीक्षा पायरीवर करा: दुहेरी टिपला एका कडेजागी दोन समांतर कडा दिसतात. अशा टिपने घेतलेली सगळी चित्रं आम्ही अल्फा-बीटाच्या हिशोबातून काढून टाकली, कितीही देखणी असली तरी. जानेवारीत घटीचा ढाळही पुन्हा मोजला. अडथळा थोडा वाढून १.५ च्या आसपास आला. हिवाळ्याची कोरडी हवा हे कारण लिहायचा मोह होतो, पण एकाच दिवशी वेगवेगळ्या जागी यापेक्षा मोठा फरक पडत होता, त्यामुळे अहवालात फक्त आकडे दिले.

घरी काम करताना मूळ फाइल जपा. चित्राची जेपीजी प्रत निरुपयोगी असते. तिच्यात उंचीचे आकडे नसतात. बायस, प्रवाह, ओळीचा वेळ आणि स्कॅनची दिशा फाइलच्या नावातच लिहा. फिल्टर लावलेलं चित्र अहवालात ठेवायचं तर शेजारी कच्चं चित्रही ठेवा. फूरिए फिल्टरने निवडक बिंदू ठेवले की गोंगाटातूनही सुबक जाळी निघते.

पहिल्या सत्राचे पैसे कॉलेजकडून जानेवारीत आले, दुसऱ्याचे हे लिहीपर्यंत आलेले नाहीत.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, “उजळ ते बीटा, हे तुम्ही सिद्धांतावरून म्हणता. खालचा थर तुम्हाला दिसत नाही. मग चित्रातूनच दाखवता येईल का?” मी पायरीचं उत्तर दिलं. एका थराच्या पायरीवर वर एक थर आणि खाली दुसरा. दोन्ही थरांतले अल्फा एकाच उभ्या रेषेत येतात, बीटा मात्र येत नाहीत. म्हणून वरच्या भागातली ठिपक्यांची जाळी पायरीपलीकडे ताणली तर खालचे ठिपके तिच्यावर बसायला नकोत, ते ०.१४२ नॅनोमीटरने सरकलेले हवेत. दोन थरांच्या पायरीवर ते पुन्हा जुळायला हवेत. आम्हाला हे जमलं नव्हतं. पायरी चढताना फीडबॅकला सावरायला वेळ लागतो, म्हणून वेग कमी करावा लागतो, आणि वेग कमी केला की ड्रिफ्टच ०.१ नॅनोमीटरच्या घरात जातो. स्कॅनची ओळ पायरीला काटकोनात धरली तर प्रत्येक ओळीत दोन्ही थर येतात आणि ड्रिफ्ट बराच आवरता येतो. यासाठी यंत्र रात्रभर निवलेलं हवं, आणि सकाळचा पहिला स्लॉट. पुढच्या बॅचच्या मुलीने तसा अर्ज जूनमध्येच टाकलाय.